कोरा चेहरा

दुसऱ्या खेपेलाही भोपळीची आई चुकली. बारीक नळी आत सरकवतानाच तिचा अंगठा नळीच्या बाजूच्या भोकावर दाबला गेला, कफ ओढायचं मशीन हवाच ओढू लागलं आणि भोपळीचे ओठ काळपट पडले. मोठ्या सिस्टरनी तिचा हात हळूच बाजूला सारला, पुढचं स्वतः केलं, आणि पोरीच्या गळ्यातल्या नळीतून श्वास पुन्हा सुसू करत वाहू लागल्यावर मग त्या बोलल्या.

"आत जाताना अंगठा उचललेला. बाहेर येताना दाबलेला. मनात दहा मोजायच्या आत नळी बाहेर, आणि मग तिला दम खाऊ द्यायचा. किती वेळा सांगितलं मी हे तुम्हाला?"

"हो सिस्टर," ती म्हणाली. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही.

सिस्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय आलं ते तिला कळलं. ही बाई मठ्ठ आहे, किंवा हिला काही वाटत नाही. दोन्हींपैकी एक.

भोपळी चार वर्षांची. गोबऱ्या गालांवरून पडलेलं नाव. आता गाल उरले नव्हते, नाव उरलं होतं. न्यूमोनियात फार दिवस तिच्या तोंडातून नळी होती, त्यानं श्वासाची वाट आतून आवळून गेली. मग गळ्याला भोक पाडून तिथे दुसरी नळी बसवली. वर्ष-दोन वर्षं राहील म्हणाले. बोलता येत नव्हतं, रडली तरी आवाज फुटत नव्हता. कफ साठला की मशीननं ओढून काढायचा, दिवसातून कितीतरी वेळा. आणि गळ्यातली नळीच तुंबली तर ती काढून लगेच नवी घालायची. वॉर्डचा नियम साधा होता. ज्याला हे बिनचूक येतं त्याच्याबरोबरच मूल घरी जाणार.

आणि ते तिच्या नणंदेला पहिल्याच दिवशी आलं होतं.

नणंद मोठ्या आवाजाची, धसमुसळी, डोळ्यांत पाणी आलं की पदरानं पुसून पुन्हा कामाला लागणारी. मशीन लावताना ती भोपळीला म्हणायची, "सरका सरका, प्लंबर आले. नळ तुंबलाय म्हणे तुमच्याकडे." पोरगी खोकता खोकता हसायची. बिनआवाजाचं ते हसू बघून आईला हातातलं सगळं फेकून निघून जावंसं वाटे.

"शुक्रवारी शेवटची खेप," सिस्टर म्हणाल्या. "नाही जमलं तर आत्याकडे जाऊ दे काही महिने. तिचं भलं बघा."

नवऱ्यानं हे आधीच ठरवून टाकलं होतं. जिन्यात पायरीवर बसून तो बहिणीशी फोनवर बोलत होता. ती आली तसा त्यानं फोन खाली ठेवला.

"माझ्याशी बोलायचं होतं आधी," ती म्हणाली.

"तुझ्याशी?" तो वर न बघता म्हणाला. "ऑपरेशन झालं त्या दिवशी मी इथे ढसाढसा रडत होतो. तू पाण्याची बाटली दिलीस आणि गेलीस. भिंतीशी बोलणं आणि तुझ्याशी बोलणं, काय फरक आहे सांग."

तिनं देवापुढे नेम घेतला होता. पोरगी घरी येईपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. हा नेम पाळायला किती लागतं हे त्याला कसं सांगणार? सांगायला तोंड उघडलं असतं तर नेमच मोडला असता. आणि एक गोष्ट तर तिनं देवालाही सांगितली नव्हती. डॉक्टर बोलत तेव्हा तिला त्यांच्या खिशातलं पेन दिसे, मनगटावरचे केस दिसत, ओठ हलताना दिसत. खोलीबाहेर आल्यावर शब्द एक उरलेला नसे.

गुरुवारी सिस्टरनी तिला वॉर्डाच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. खोली म्हणजे सामानाच्या कपाटामागची जागा, दोन खुर्च्या आणि एक सरावाची बाहुली, तिच्याही गळ्यात नळी.

"सिस्टर शिकवत असतात तेव्हा तुम्ही काय करत असता?" बाईंनी विचारलं.

"ऐकत असते."

"आणि आणखी काय?"

"चेहरा सांभाळत असते."

"कसा? मला दाखवून सांगा."

"जीभ टाळूला लावते. दाढा आवळते. आतून उमाळा येतो, तो इथे," तिनं गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं, "इथे दाबून धरते. पुन्हा येतो, पुन्हा दाबते. दाखवायचं नाही, पोर घाबरेल."

"मग भीती कमी होते?"

"नाही हो. तेवढीच राहते. छाती धडधडते, हात गार पडतात. फक्त दिसत नाही."

"हेच होतं," बाई म्हणाल्या. "उकळत्या भांड्यावर झाकण धरून बसल्यासारखं. आत उकळी तशीच, आणि तुमचा एक हात कायम झाकणावर. सिस्टरचं ऐकायला, लक्षात ठेवायला हात उरतोच कुठे? तुम्ही मठ्ठ नाही. तुम्ही थकलेल्या आहात."

ती खाली बघत म्हणाली, "एक विचारू? मी जवळ गेले की मशीनवरचा तिच्या ठोक्यांचा आकडा चढतो. वन्सं गेल्या की चढत नाही. मी पाहिलंय."

बाई म्हणाल्या, "आकड्याला दहा कारणं असतात. पण मुलं आईच्या तोंडाकडे बघून ठरवतात, घाबरायचं की नाही. तोंडावर काहीच नसलं तर पोरीला वाटतं, काहीतरी भयंकर लपवलंय."

ते ऐकून तिला वाटलं, आता उठूच नये या खुर्चीतून. ज्यासाठी दाढा झिजवल्या तेच उलटलं होतं.

"नणंदबाई म्हणतात प्लंबर आले, ते वॉर्डभर ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "त्यांना मशीनचा तो आवाज तुंबलेल्या नळाचा वाटतो. तुम्हाला कसला वाटतो?"

"गळा दाबल्याचा."

"कोण दाबतंय?"

"मी," ती म्हणाली. इतक्या हळू, की बाईंना पुढे वाकावं लागलं.

कपाटापलीकडून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. ती म्हणाली, "म्हणजे मी आता मनाला खोटं सांगू? की काही नाही, सगळं छान आहे?"

"खोटं नाही चालत. मनाला लगेच कळतं. खरं असेल असंच दुसरं काही शोधायचं. ती खोकते तेव्हा तो खोकला काय करतो?"

"कफ वर आणतो."

"मग काम कोण करतंय?"

"तीच."

"आणि तुम्ही?"

"तिनं वर आणलेलं मी उचलून घेते. पण त्या क्षणी हे सुचणार नाही मला."

"नाहीच सुचणार. उकळी आल्यावर नाही सुचत. मशीन चालू करायच्या आधी सुचवायचं, गॅस लावायच्या आधी. आज बाहुलीवर शंभरदा करा. आणि एक ध्यानात ठेवा. ही मनाची समजूत भीतीसाठी आहे, धोक्यासाठी नाही. ओठ खरंच काळे पडले तर 'होईल बरं' म्हणत बसायचं नाही. तिथे हात चालला पाहिजे."

"आणि रडू आलं तर?"

"हातानं तर काम करायचंय. डोळ्यांचं काय अडलंय?"

तिनं बाहुलीवर सराव केला. बाहुलीवर जमलं. संध्याकाळी सिस्टरच्या देखत भोपळीजवळ बसली, मनात म्हणाली, ती काम करते, मी उचलून घेते; आणि पहिल्याच खोकल्याबरोबर ते वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि जीभ टाळूला जाऊन चिकटली. इतक्या वर्षांची सवय. लहानपणी वडील गेले तेव्हाही पाहुणे म्हणाले होते, केवढी समजूतदार पोर, रडली नाही. तिनं सिस्टरना खूण केली की आता तुम्हीच करा, आणि बाहेर गेली. कॉरिडॉरच्या खिडकीशी उभी राहून ती देवाला म्हणाली, नेम मी घेतला, आता तूच सोडवून घे. मला नाही पाळता येत.

शुक्रवारी नणंद पोरीला आपल्या घरी न्यायची म्हणून पिशवी भरून आली होती. पोरीचे कपडे, टॉवेल, खेळणी. पिशवी तिनं खाटेखाली सरकवली, पण आईला दिसलीच.

सिस्टर, नवरा, नणंद, सगळे उभे. तिनं हात धुतले. मशीन चालू करायच्या आधी ती भोपळीच्या तोंडाशी वाकली.

"मला भीती वाटतेय," ती पोरीला म्हणाली. आवाज फाटला. "पण तू खोक. तू वर आण, मी घेते. दोघी मिळून करू."

भोपळी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. नवरा पुढे सरकला. सिस्टरनी त्याला हातानं थांबवलं.

पहिली खेप बरोबर गेली. अंगठा उचललेला, मग दाबलेला. कफ आला. पोरीला दम खाऊ दिला. दुसऱ्या खेपेला बारीक नळी आत गेलीच नाही. अडली. पुन्हा सरकवली, पुन्हा अडली. भोपळीची छाती आत ओढली गेली, ठोक्यांचं मशीन टिंटिं करू लागलं.

ती काम करते, हे वाक्य आता खरं नव्हतं. ती काम करू शकत नव्हती. आईला ते दिसलं, आणि तिनं मनाची समजूत घातली नाही.

"गळ्यातली नळी तुंबलीय," ती मोठ्यानं म्हणाली, रडतच. "बदलायची. वन्सं, गळ्याची दोरी कापा. मान मागे. जुनी बाहेर." सिस्टरचा हात पोरीच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता, पण आला नाही. "नवी आत. तिच्या आतली आधाराची काडी काढली. वारा येतोय? सिस्टर, येतोय ना?"

"तुम्हीच बघा."

तिनं गाल नळीपाशी नेला. गालाला ऊन हवा लागली. एकदा, मग पुन्हा. ओठांचा रंग हळूहळू परतला.

सिस्टरनी नव्या दोरीची गाठ तपासली, दोन बोटं आत जातात का पाहिलं. "प्रत्येक शब्द बरोबर," त्या म्हणाल्या. "कालपर्यंत कुठे होतं हे?"

आई खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. हे घरी करायचंय, तिथे सिस्टरचा हात वीतभर अंतरावर नसणार. आज, उद्या, वर्ष-दोन वर्षं. आनंद व्हावा तसा झाला नाही. भीती होती तेवढीच होती, आणि आता ती सगळ्यांना दिसत होती.

नणंद नाक ओढत म्हणाली, "झालं तर. जमलं वहिनी तुम्हाला. मी निघते आता." तिनं खाटेखालची पिशवी ओढली, आणि उघडी पडलेली चोरी लपवावी तशी पाठीमागे धरली.

"वन्सं, थांबा." तिनं नणंदेचं मनगट धरलं. "पिशवी घेऊन तुम्ही आमच्याकडे या. मला एकटीला नाही जमणार. खरंच नाही जमणार हो."

"मला वाटायचं, तुम्हाला मी डोळ्यासमोर नकोच."

"नकोच होतात."

नणंद हसली, आणि हसतानाच तिला रडू आलं. "बरं झालं बाई, तोंडानं बोललात. पण मी घोरते हं, आधीच सांगून ठेवते."

नवरा अजून तिथेच उभा होता, भिंतीला टेकून. भोपळीनं त्याच्याकडे पाहिलं, मग आईच्या ओल्या तोंडाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि खाटेवर बाजूला सरकून त्याच्यासाठी जागा केली.