जमत नसेल तर राहू द्या

खुशबू मेश्रामने काम देणाऱ्या मॅडमना दरवाढीसाठी मेल लिहून ठेवला होता, पण पाठवत नव्हती. मुर्री गावातल्या घरी बसून ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेसाठी मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून टंकलेखन करायची. रेकॉर्डिंगच्या मिनिटाला बारा रुपये. तीन वर्षं दर तोच होता. वाढला नाही तर एप्रिलपासून नागपूरच्या शोरूमची नोकरी धरायची आणि आईला इथे एकटीला ठेवायचं, असं ठरलं होतं.

शेजारच्या दुर्गेश्वरी बिसेनने लॅपटॉप ओढून घेतला. लग्नाआधी ती नागपूरच्या एका कंपनीत बाहेरून काम करणाऱ्यांची बिलं तपासायची.

"'माफ करा, त्रास देते. आईच्या औषधांचा खर्च वाढला आहे. जमत नसेल तर राहू द्या.' हे वाचून मॅडम काय करेल?"

"राहू देईल."

"मंग विचारून कायले राहिली?"

"मॅडम चांगल्या आहेत गं. आईचीही चौकशी करतात. माझ्याजवळ लॅपटॉप नव्हता, तेव्हाही त्यांनी काम दिलं."

"तर आभार मान. माफी काऊन मागतेस? चोरी केली का? अन् दर तिच्या हातात नसते. ती वरच्याला विचारते. आईचं औषध ती साहेबाला कसं दाखवणार? कामाचं कारण दे, मंग ते तिला पुढे पाठवता येते."

दोघींनी मेल नव्याने लिहिला.

"नमस्कार मॅडम. तीन वर्षं तुम्ही सातत्याने काम दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. १ एप्रिलपासूनच्या नव्या रेकॉर्डिंगसाठी मिनिटाला वीस रुपये दर द्यावा, ही विनंती. अलीकडे गटचर्चा जास्त असतात. तीन-चार जण एकदम बोलतात, झाडीबोलीत मध्येच पोवारी बोली येते. त्यामुळे पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. हातातलं काम जुन्याच दराने वेळेवर देईन. २५ मार्चपर्यंत कळवलंत, तर पुढचं नियोजन करता येईल."

"लईच कडक वाटते," खुशबू म्हणाली.

"कडक नाही, सरळ आहे. दाब बटण."

खुशबूने डोळे मिटून बटण दाबलं. मग मॅडम रागावल्या असतील या धास्तीने दोन दिवस ती दुर्गेश्वरीशी नीट बोललीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "तुमचा मेल तसाच प्रकल्पप्रमुखांना पाठवला, मला वेगळं काही लिहावं लागलं नाही. गटचर्चेला वीस आणि एकट्याच्या मुलाखतीला सोळा मंजूर झाले आहेत. चालेल ना? तुम्ही सोडून गेलात तर इतकी बोली समजणारं दुसरं कोण शोधू, याची मला काळजी होती. आई कशा आहेत?"

खुशबूने तो मेल आईला वाचून दाखवला. मग नागपूरला फोन लावून येत नसल्याचं सांगितलं. मॅडमना लिहिलं, "चालेल. मनापासून आभार. आई बरी आहे."

तेवढं करून ती कुंपणाशी गेली. "दुर्गा, चहा ठेवते, ये."

"दूध जास्त घाल," पलीकडून उत्तर आलं. "अन् माफी मागू नको."