आण्याची बाकी

निपाणीत वासंतीबाईंच्या दुकानात कुणाचंच खातं पुरतं मिटत नसे. श्रावणात तंबाखूची रोपं लावली की आसपासच्या गावांतली माणसं खताला पेंड उधार न्यायची. बाई बिल करायच्या: पोती किती, पोत्याचा भाव काय, एकूण काय. एक प्रत शेतकऱ्याच्या हातात, दुसरीवर त्याचा अंगठा. मग तीच रक्कम खतावणीत त्याच्या नावे चढायची. माघात पान निघायचं, वखारीत विकायचं, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला पैसे जमा व्हायचे. सगळे व्हायचे, एक आणा सोडून. तो आणा मागील बाकी म्हणून नव्या वहीत उतरायचा. खातं जितं राहावं म्हणून. बाईंच्या सासूची तर त्यावर ओवी होती:

मिटवू नको खातं बाई, आणा ठेव उंबऱ्याशी
येत्या पाडव्याला पुन्हा पाय लागू दे दाराशी

त्या साली मार्गशीर्षातच यल्लाप्पा आला. पान अजून रानात उभं होतं, हिरवं, चिकट, कमरेएवढं. त्यानं सगळी बाकी मोजून ठेवली आणि वर दरवर्षी मागे राहायचा तो आणाही ठेवला. खाली मान घालून म्हणाला, पावतीवर बेबाक म्हणून लिहा, काही देणं उरलं नाही असं.

वेळेआधी पैसा आला म्हणून बाईंना आधी बरंच वाटलं. बेळगावच्या खडेबाजारातून त्या स्वतः पेंड उधार आणत. तिथलं देणं लवकर फिटणार होतं. पण दुसऱ्या दिवशी भरमू आला, त्याच्या मागोमाग मष्णू. तेच पैसे, तोच आणा, तोच शब्द. बेबाक. कुणी नेहमीसारखा टेकला नाही, कुणी खायला पान मागितलं नाही. आठवडाभरात खतावणीची पानं एकामागून एक मिटत गेली. नवरा गेल्यावर याच पानांवर बाईंनी घर चालवलं होतं. गिऱ्हाईक बेबाक झालं तर येत्या श्रावणात दार उघडायचं कुणासाठी?

शेवटी भावकू आला. त्याचं पान शिवारात सगळ्यांत उजवं. तोही पैसे मोजू लागला, तेव्हा बाईंनी वही मिटली.

"कुणी मेलंय काय रे? सगळे तेराव्याला आल्यासारखे येताय."

भावकू हसला नाही. मग हळूहळू सांगत गेला. नाक्यावरच्या नव्या वखारीचा शेठ उभ्या पिकावर आगाऊ विसार देत होता. अट एकच, जुन्या दुकानाची बाकी नको. ती फेडायला पैसेही तोच देत होता. बेबाक पावती दाखवली की उरलेला विसार. येत्या श्रावणाची पेंडही आत्ताच त्याच्याकडून घ्यायची, पान त्यालाच घालायचं.

"पानाला भाव काय ठरला?"

"त्यो पाडव्याला सांगणार."

"आणि पेंडीचा?"

भावकूनं पटक्याच्या घडीतून नव्या वखारीचं बिल काढलं. त्याला वाचता येत नव्हतं. बाईंनी पाहिलं. पोत्यांचा आकडा होता, अंगठा होता. भावाची जागा कोरी होती.

"पेंडीचा बी पाडव्यालाच लावतो म्हनला," भावकू म्हणाला. "तवा समदा हिसाब एकदम हुईल."

बाहेर उन्हं कलली होती. बाईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बिल त्याच्यापुढं धरलं.

"भावकू, पान कितीला घेतलं ते तोच लिहिणार, पेंड कितीला दिली तेही तोच. मग तुझ्याकडं काय राहिलं?"

भावकूनं बोटानं ती कोरी जागा चाचपली.

"पैसे त्याचे त्याला परत दे. मी पाडव्यापर्यंत थांबते."

"माघारी दिलं तर पान कुटं न्हेऊ, आक्का? बाकीच्या वखारवाल्यांनी वखारी त्यालाच भाड्यानं दिल्यात. आता घेनारा त्यो एकच." त्यानं दाराकडं पाहिलं. "पावती द्या. दिवस मावळायच्या आत दावायची हाय."

बाईंनी वही उघडली. त्याची रक्कम जमेला धरली, आण्यासकट. खाली खातं मिटल्याच्या दोन रेघा ओढल्या. पावती लिहिताना बेबाकचा शेवटचा क त्यांच्याच्यानं लवकर पुरा होईना.

पावती घेऊन भावकू उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. कनवटीचा आणखी एक आणा काढून त्यानं उंबऱ्यावर ठेवला.

"ह्यो लिवू नका. नुसता असू दे. पाडव्याला आलो तर पेंड द्याल नव्हं?"

गिऱ्हाईक उरलं नाही तर पेंड भरायची कुणाच्या भरवशावर, हे त्याला सांगून काय होणार होतं?

तो गेला. रस्त्यानं नव्या वखारीच्या गाड्या गावांकडं निघाल्या होत्या, पेंडीनं लादलेल्या. सगळ्यात पुढच्या गाडीवरचा मुनीम पोती मोजत होता, बिलं फाडून ठेवत होता, भावाची जागा तेवढी सोडून. उंबऱ्यावरचा आणा चाकांच्या धक्क्यानं थरथरत होता. बाईंनी तो उचलला नाही. तो जमेला धरायला खतावणीत आता भावकूचं पानच उरलं नव्हतं.