माणूस दिलास घरा

पाचला शेजारी येणार होते आणि चार वाजले तरी शिवणवालीचं गाणं पुरं होत नव्हतं. मशीनवर अर्धवट ब्लाऊज, त्याच्यावर वही, वहीत खाडाखोड. जिवाला नुसता घोर!

नवरा बरा होऊन घरी आला तर स्वतः गाणं रचीन आणि चार शेजाऱ्यांच्या तोंडून म्हणवीन, असा नवस ती इस्पितळात बोलली होती. नवरा आला. आता आरामखुर्चीत बसून विचारत होता, "अगं, झालं का? की पुढच्या आजारपणात म्हणायचं?"

"गप्प बसा हो!"

चाल तिने सगळ्यांच्या ओळखीची, अंगाईची घेतली होती. मशीनच्या पायडलवर पाय हलवत ठेका धरला, बोटांवर अक्षरं मोजली. पहिल्या कडव्यात मागणं, दुसऱ्यात नवस, तिसऱ्यात नवस कसा फळला ते. कडवी ती एकटी म्हणणार. ध्रुवपद मात्र सगळ्यांनी उचलायचं, म्हणून ते एका श्वासात बसणारं, आणि शेवट 'आ'वर, म्हणजे बेसूर शेजाऱ्यालाही सूर लांबवता येईल. तेही छान जमलं होतं:

'हाक ऐकलीस देवा, माणूस दिलास घरा.'

जमलं होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं. कारण ध्रुवपद उचलून धरणार होत्या खालच्या मजल्यावरच्या काकू. चाळीत तसा खडा आवाज दुसरा नव्हता. आणि काकूंचे यजमान त्याच वॉर्डात, शेजारच्याच खाटेवर होते. ते काही परत आले नव्हते. त्या बाईने हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवणवालीला स्वतःचीच लाज वाटत होती.

तिने ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'तुझे उपकार देवा, मोजू किती, गाऊ किती.'

तेवढ्यात काकूच आल्या. "दे बघू ध्रुवपद, आधी घोळवून ठेवते." चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं. "हे काय? असं कुणीही कशासाठीही म्हणेल. आणि हे खोडलेलं?"

शिवणवाली गडबडली. "ते... तुम्हाला कसं म्हणायला लावू, काकू?"

काकू खाली बसल्या. वहीवरून हात फिरवत राहिल्या.

"खाटा शेजारी होत्या ना गं? मी रोज दोघांसाठी मागायची. माझ्या माणसाचं देवाने नाही ऐकलं. खूप भांडले त्याच्याशी, अजून भांडते. पण तुझ्यासाठी मागितलेलं तर दिलं ना त्याने? मग आभार मलाही मानायचेत. तेवढं गाऊ दे की मला."

शिवणवालीने पेन उचललं, पण काकूंनीच ते तिच्याकडून घेऊन ती खोडलेली ओळ पुन्हा स्वच्छ लिहून काढली.

पाचला खोली भरली. पहिलं कडवं संपता संपता शिवणवाली मध्येच थांबली. टाळ्या थांबल्या. सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

काकूंनी आरामखुर्चीकडे पाहिलं आणि खड्या आवाजात एकटीने ध्रुवपद उचललं.