रविवारचं बिल, शुक्रवारचा दर

बाईंच्या बिलावरची शेवटची ओळ कायम अर्धवट असायची, आणि ती काही विसरून राहत नव्हती. विसरायला बाई एवढ्या म्हाताऱ्या झालेल्या नव्हत्या.

बाईंचा लाकडी बटणांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकानं. दोन खोल्या, तीन यंत्रं, बटणं घासणाऱ्या पाच बायका आणि जिथे हात लावाल तिथे भुसा. पण बटणं अशी गुळगुळीत, की समुद्रापलीकडची एक कपड्यांची कंपनी दर महिन्याला खोकं मागवायची. आणि त्या कंपनीच्या हिशेबखात्यात बसायची बाईंची एकुलती एक लेक. लहानपणी स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत न्यायची, म्हणून तिला सगळे मुंगीच म्हणायचे.

आधी कारखान्याची बिलं मुंगीच करायची. पत्रव्यवहार करता करता तिकडच्या लोकांना पोरगी एवढी आवडली, की त्यांनी तिला नोकरीच देऊ केली. बटणांबरोबर लेकही निर्यात झाली म्हणा ना! बाई तेव्हा रागाच्या भरात बोलून गेल्या, "जायचं तर खुशाल जा. पण उठसूट फोन करून करमत नाही म्हणून रडायचं नाही. कामाचं असेल तरच फोन कर." पोरगी आईच्याच वळणावर गेलेली. कामाचं असेल तरच फोन करू लागली. बाईंना वाटलं, चार दिवसांत हट्ट मोडेल. मोडतोय कसला! आणि आपण होऊन फोन करायचा तर बाईंचं नाक आडवं यायचं.

जायच्या आधी मुंगीनं बिलाचा नमुना करून दिला होता. वर त्यांच्या चलनातली रक्कम, पैसे त्याच चलनात यायचे. तिच्याखाली आपल्या चलनातली, ती इथल्या करासाठी आणि हिशेबासाठी. आणि तळाला एक ओळ: चलनबदलाचा दर किती, कुठून घेतला, कोणत्या तारखेचा.

"दोन रकमा दाखवल्यास की कुणीही विचारणार, हिची ती कशी झाली. ही ओळ म्हणजे त्याचं उत्तर," मुंगी म्हणाली होती. "मध्यवर्ती बँक कामाच्या दिवशी दुपारी दर जाहीर करते, आपण नेहमी तोच घ्यायचा. शनिवार-रविवार आणि सुट्टीला जाहीर होत नाही. मग आधीच्या कामाच्या दिवसाचा घ्यायचा आणि तारीखही त्याच दिवसाची घालायची. बिलाची तारीख तिथे ठोकून द्यायची नाही. कळलं का, आई?"

बाईंनी मान डोलावली. पण त्या ऐकत कमी आणि लेकीकडे बघत जास्त होत्या.

पहिल्यांदा तारीख खरंच राहून गेली. दोन दिवसांनी फोन वाजला.

"आई, दराची तारीख राहिली."

"अगं बाई, हो का? थांब हं, चष्मा शोधते."

चष्मा नाकावरच होता. पण तो शोधण्याच्या निमित्तानं बाईंना पलीकडचं ऐकू आलं. कुठेतरी दार आपटलं, कुणी हसलं, मुंगी खोकली.

"खोकला कसला गं?"

"काही नाही, थंडी आहे. तारीख सांग."

बाईंनी सांगितली, आणि फोन ठेवल्यावर त्या खोकल्याची काळजी करत आठवडाभर हिंडल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी दर कुठून घेतला ते लिहिलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तारीख गाळली. अशी ती अर्धी ओळ लेकीचा आवाज घेऊन यायची.

कारखान्याचा अकाउंटंट मात्र कातावायचा. "बाई, हजारो बटणांत एक कमी पडलं तर तुम्हाला कळतं, आणि एवढीशी ओळ पुरी होत नाही?"

"वय झालं हो माझं."

"मग परवा माझ्या बेरजेतली चूक कुणी काढली?"

"ती चूक आंधळ्यालाही दिसली असती," म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं.

पण हे सुख टिकायचं नव्हतं. एकदा अशीच तारीख विचारून झाल्यावर मुंगी म्हणाली, "आई, आता नीट ऐक. पुढच्या महिन्यापासून बिलं मशीन तपासणार. ओळ अपुरी असली की बिल आपोआप परत. दोनदा परत गेलं की पुरवठादारांच्या यादीतून नाव कट. मला मध्ये पडता येणार नाही."

"म्हणजे तू फोन करून विचारणार नाहीस?"

"विचारायला काही उरणारच नाही."

बाई उगाचच चष्मा पुसत बसल्या. मग मुंगी म्हणाली, "बरं, ठेवते."

पुढचं बिल करायला बाई रविवारी बसल्या. यंत्रं बंद, बायका आपापल्या घरी. माल सोमवारी सकाळीच उचलला जाणार होता, आणि सोमवारचा दर यायला दुपार झाली असती. बिल तर मालाबरोबरच जायला हवं. बाईंनी शुक्रवारचा दर काढला, दशांशानंतरच्या चारही आकड्यांसकट टाइप केला. पुढे मध्यवर्ती बँक असं लिहिलं. तारखेपाशी हात थांबला.

एकदा परत आलं तर आलं, रागवायला तरी पोरगी फोन करेल, असं मनात आलं. एकदा माफ आहे ना? मग समोरच्या पाच रिकाम्या स्टुलांकडे लक्ष गेलं. त्यातल्या दोघींच्या घरात दुसरी मिळकत नव्हती. आपल्या लेकीचा आवाज ऐकायला त्यांच्या चुली पणाला लावायच्या? बाईंनी शुक्रवारची तारीख घातली, बिल छापलं, त्याची प्रत मेल केली आणि मग डोळ्यांना पदर लावून मनसोक्त रडल्या. कुणी बघायला नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

त्या आठवड्यात फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात बिल मंजूर झाल्याची मेल आली आणि अकाउंटंट खुर्चीतून उठलाच. "वा बाई! पहिल्या फटक्यात पास! बघा, मनावर घेतलं की जमतं."

"जमलं ना? मग आता जरा तोंड बंद ठेवा," बाई म्हणाल्या. तो बिचारा फाइल घेऊन मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत गेला.

आणि फोन वाजला.

"आई, मी बोलतेय."

"काय राहिलं गं?" बाईंनी बिलाची प्रत पुढ्यात ओढली. "सगळं लिहिलंय मी या वेळी."

"काही राहिलं नाही. मशीननं पास केलंय. पण मी वाचलं," मुंगी म्हणाली. "बिल रविवारचं आहे. दर शुक्रवारचा."

"मग? तूच सांगितलं होतंस ना, सुट्टीला आधीच्या दिवसाचा घ्यायचा?"

"दर बरोबरच आहे गं. पण रविवारी कारखाना बंद असतो. तू तिथे काय करत होतीस?"

बाई टेबलावरचा भुसा झटकू लागल्या.

"मी जुनी बिलं काढून बघितली," मुंगी म्हणाली. "निम्मी रविवारची आहेत. तू तारीख सांगायचीस, मी लिहून घ्यायचे. वार कधी बघितलाच नाही मी. एकटीच असतेस ना तिथे? घरी का थांबत नाहीस?"

"घरी कोण आहे?" बाई म्हणाल्या.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग मुंगी हळूच म्हणाली, "आई, हा फोन कामाचा नाहीये."

"नसू दे." बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मुंगे, मला करमत नाही गं."

पलीकडे पोरगी रडायला लागली, आणि बाईंनी तिला रडू दिलं.