तीस हजार झाले की परत

शरणप्पाला दुबईचा करार मिळाला, तेव्हा घरात सगळ्यांत आधी त्याच्या बायकोने, शांतम्माने विचारलं, "परत कधी यायचं?"

अजून माणूस निघालाही नव्हता. सासरे वीरभद्रप्पा हसून म्हणाले, "अगं, जाऊ तर दे की त्याला!"

पण शांतम्मा हसली नाही. पंच्याहत्तर साल होतं. शरणप्पा कापडगिरणीच्या वर्कशॉपात टर्नर होता, लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, लोखंड असं उतरवायचा की जणू भाकरीचं पीठ मळतोय. मुंबईला जाऊन त्याने परीक्षेचा तुकडा कातून दिला आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी घेतलं. महिना साडेआठशे दिरहम, राहणं-जेवण कंपनीचं, जाता-येताचं तिकीटही कंपनीचं. शांतम्माने करार शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला होता. परतीच्या तिकिटाची ओळ तर तिसऱ्यांदाही.

तिला भीती होती ती गुरप्पाची. म्हणजे गुरप्पासारखं होण्याची. गुरप्पा शरणप्पाचा चुलतभाऊ. चार वर्षं बहारिनला राहून तो आला तेव्हा गल्लीभर सेंटचा वास सुटला होता. टेपरेकॉर्डर, घड्याळं, प्रत्येक पाहुण्याला नायलॉनचं कापड. वर्षभरात सगळं संपलं, आणि गडी पुन्हा एजंटाच्या दारात.

शांतम्माने त्यालाच बोलावून चहा दिला. "भावजी, खरं सांगा. कमाई कमी पडली का?"

"कमी? लई होती की," गुरप्पा म्हणाला. "पण किती झाल्यावर बास, ते कुनी ठरवलंच न्हाय. हितली मागतच ऱ्हायली, मी पाठवतच ऱ्हायलो."

त्याने मग हातचं काही न राखता सगळं सांगितलं. पहिल्या चार महिन्यांची कमाई एजंट, कपडे आणि उसनवारीतच जाते, ती धरूच नका. तिथे माणसाला साबण, सिगरेट, पत्रं, आजारपण असतं, तेवढे पैसे त्याच्या खिशात ठेवा. आणि घरखर्चाचे पैसे व शिलकीचे पैसे एका ठिकाणी ठेवलेत, तर शिलकीचे राहतच नाहीत.

त्या रविवारी नवरा-बायको समोरासमोर बसले. साडेआठशे दिरहम म्हणजे अठराशे रुपयांच्या आसपास. तीनशे शरणप्पाला, दीड हजार घरी. त्यातले पाचशे खर्चाला, हजार बाजूला. छत्तीसातले चार महिने वजा, उरले बत्तीस.

"बत्तीस हजार," शरणप्पाचे डोळे चमकले.

"तीसच धरा. दोन महिने हातचे," शांतम्मा म्हणाली. "आता सांगा, येऊन काय करणार?"

हे त्याला विचारावं लागत नव्हतं. शहरात यंत्रमाग वाढत होते, आणि त्यांचे शाफ्ट, बुश असे फिरते भाग झिजले की मालक वर्कशॉपांत हेलपाटे घालत. स्वतःचा सहा फुटी लेथ हे त्याचं जुनं स्वप्न. लेथ सोळा हजार. शेड, विजेचं कनेक्शन आणि हत्यारं सहा हजार. शरणप्पा थांबला. शांतम्माने पुढे धरलं, "कारखाना चालू लागेस्तोवर सहा महिन्यांचा घरखर्च तीन हजार. आन् पाच हजार, न सांगता येणाऱ्या खर्चाला."

"म्हंजे तीस."

"व्हय. तीस झाले की परत. एकतीसची वाट बघायची न्हाय."

वीरभद्रप्पांनी मान डोलावली, पण अशा वेळी मान डोलवायला काय जातं?

ऑगस्टमध्ये शरणप्पा दुबईला गेला, आणि पहिले चार महिने सरल्यावर दर महिन्याला रजिस्टर पोस्टाने ड्राफ्ट येऊ लागला. शांतम्मा बँकेत जाऊन हजार मुदतठेवीत टाकायची आणि पावती देव्हाऱ्यामागे ठेवायची. नणंदेने पाटल्या मागितल्या, मेहुण्याने स्कूटरसाठी हात पसरला. ती सगळ्यांना एकच सांगे, "पैसे लेथचे हायत, माजे न्हायत." वीरभद्रप्पांच्या मोतीबिंदूला मात्र तिने एका शब्दावर पाच हजारांतले आठशे काढले. ते त्यासाठीच तर होते.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, व्याज धरून आणि ऑपरेशन वजा जाऊन, तीस हजार भरले. शांतम्माने गव्हाची खीर केली. आणि त्याच आठवड्यात शरणप्पाचं पत्र आलं.

कंपनी करार आणखी दोन वर्षं वाढवायला तयार होती. बाराशे दिरहम. ‘महिनाअखेर सही करायची आहे. दोन वर्षांत माडीचं घर होईल. वडिलांनाही विचार. तू म्हणशील तसं.’

वीरभद्रप्पा लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला. बाराशे कुटं ठेवलेत हितं? लेथ कुटं पळून जातोय?"

शांतम्मालाही माडी दिसली होती, अगदी खिडक्यांसकट. पण तिला हेही कळत होतं, की माडीनंतर आणखी काही दिसेल.

दुसऱ्या दिवशी ती यंत्रांच्या दुकानात गेली. लेथ साडेअठरा हजार झाला होता. अडीच हजार वाढले. तिने मनाशी मोजलं. न सांगता येणारा खर्च म्हणतात तो हाच. हातच्या पाच हजारांत तो बसत होता. दोन वर्षांनी किती होईल, हे मात्र दुकानदारही सांगेना.

तिथून ती थेट शहराच्या पूर्व भागात राजय्या शेठांकडे गेली. त्यांचे चोवीस माग होते, आणि गिरणीच्या ओळखीने ते शरणप्पाला ओळखत. "वर्कशॉप काढलं तर काम द्याल का?" तिने सरळ विचारलं.

शेठ वैतागलेलेच होते. "एक शाफ्ट झिजला की आठ दिवस माग बंद! बाई, वर्कशॉप काढा नाहीतर मंदिर काढा, मला शाफ्ट द्या." आणि त्यांनी झिजलेल्या भागांचं एक पोतंच तिच्या रिक्षात टाकायला लावलं.

पोतं अंगणात उतरलं. वीरभद्रप्पांनी गिरणीत चाळीस वर्षं काढलेली. त्यांनी एक बुश उचललं, नख फिरवलं, दुसरं उचललं. नवीन डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिले.

"हे एका शेठचं?"

"व्हय, मामा. शेजारचे दोघं बी देतो म्हनाले."

म्हातारा उठला आणि कोट घालू लागला. "चल. लेथचं बेड, म्हंजे खालचा पाया, मी स्वतः तपासून घेनार. दुकानदार फसवत्यात."

बयाणा दिला आणि दोघं तारघरात गेले. पत्राला बारा दिवस लागत, सहीला नऊच उरले होते. तारबाबू शब्दाला पैसे मोजत होता. शांतम्मा सांगू लागली, बाबू इंग्रजीत लिहू लागला: सही करू नका. लेथ घेतला. काम आलं. या.

"अजून काही?" बाबूने विचारलं. "तब्येत वगैरे?"

"तब्येत पत्रात," शांतम्मा म्हणाली. "तारेला पैसे पडतात."

ऑगस्टमध्ये शरणप्पा आला. एक बॅग, हिशेब मिटवताना कंपनीने दिलेले तीन हजार, आणि वडिलांसाठी एक चांगला चष्मा. जेवताना तो ओशाळून म्हणाला, "तार आली त्या दिवशी सकाळी कागद माझ्यासमोर होता. पेनचं टोपण काढलं होतं मी."

"मग?"

"मग काय, लेथ घेतलाय म्हटल्यावर चालवायला मानूस नको?"

वर्कशॉपच्या पहिल्या महिन्यात दोनशे दहा रुपये मिळाले. दुसऱ्यात विजेच्या जोडणीने रडवलं, पंधरा दिवस काम बंद. शरणप्पाचा चेहरा उतरला, पण चूल थंड पडली नाही. सहा महिन्यांचा घरखर्च आधीच मोजून ठेवलेला होता. चौथ्या महिन्यात गिरणीच्या पगाराच्या वर कमाई गेली, आणि पाचव्यात राजय्या शेठ स्वतः शेडच्या दारात येऊन ओरडले, "शरणप्पा, आज शाफ्ट नाही मिळाला तर मी इथेच झोपणार!"

"झोपा की शेठ," आतून वीरभद्रप्पा म्हणाले. ते स्टुलावर बसून बुश मापत होते. "चटई देतो. पण नंबर तिसराच लागंल."

शांतम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन दारात उभी होती. लेथमधून लोखंडाची निळसर वेटोळी सरसर उतरत होती. तिने डबा खाली ठेवला, शेठना पाणी दिलं, आणि शरणप्पाला हाक मारली. त्याला यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग हसून स्वतःच जाऊन स्विच बंद केला.