खिळ्यावरचा सूट

झोपायच्या खोलीच्या दारामागे एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर वॉल्टर हार्ग्रीव्हचं मरण टांगलेलं होतं. म्हणजे त्याचा सूट. करडा, लोकरी, लढाईच्या कितीतरी आधी शिवलेला, पँटच्या पायाशी झोकात दुमडलेली पट्टी असलेला. गेल्या हिवाळ्यात छातीचं दुखणं झालं आणि ट्रामच्या नोकरीतून घरी बसावं लागलं, तेव्हा वॉल्टरने तो ब्रश करून, डांबरगोळ्या घालून तिथे लावला. म्हणाला, "एड्ना, मला यातच पुरा. शोधाशोध नको."

डॉक्टर म्हणत होते, माणूस आता ठणठणीत आहे. पण याने जगण्याची उमेदच टाकलेली. भाजीच्या वाफ्यांकडे फिरकेना, बागेचा डगला कुठे आहे तेही विचारीना. रोज सकाळी डोळे उघडले की एड्नाला आधी तो सूट दिसायचा आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा समोर चहा ढोसतोय आणि त्याचे कपडे दारामागे मेलेले! तो सूट एकदाचा जळो, एवढंच तिला वाटे.

आणि अशात लेकीच्या, मर्टलच्या, होणाऱ्या नवऱ्याची, क्लिफर्डची तार आली. पोराला जहाजावरून रजा मिळाली होती. पुढच्या शनिवारी लग्न.

मर्टल मटकन खाली बसली. "आई, मी घालू काय? वर्षाची कपड्यांची कुपनं तर हिवाळी कोटात आणि बुटांत गेली! उरलीत त्यात दोन रुमाल आणि मोजे येतील."

"मग मोजे घालून जा," वॉल्टर म्हणाला.

"बाबा!"

लढाईच्या टंचाईत दुकानात मिळणारा सरकारी मापाचा पोशाख बरा असायचा, नाही असं नाही. गुडघ्याशी थांबणारा स्कर्ट, बटणं मोजून, चुण्या मोजून, झालर-नक्षीचं नाव नको, आत चीजच्या दोन चकत्यांसारखा सरकारी शिक्का. पण त्यालाही कुपनं लागायचीच. पडद्यांचं कापड संपलेलं, बॉम्बच्या भीतीने रात्री खिडक्या झाकायचं काळं कापड बिनकुपनाचं मिळे, पण काळ्यात नवरी? एड्नाने कपाट उपसलं, पेटी उपसली, आणि सुटाचं नाव न काढता रिकाम्या हाताने खाली आली.

वॉल्टर उठला. जिना चढून वर गेला. खांद्यावर सूट टाकून खाली आला आणि त्याने तो टेबलावर, मार्जरीनच्या बशीशेजारी ठेवला.

"काप," तो म्हणाला.

"अरे, पण तुझा..."

"जमिनीखाली कोण बघतंय मला? नाइटशर्टात पुरा. काप म्हणतो ना, नाहीतर माझा विचार बदलेल."

एड्नाचं मन भरून आलं आणि रागही आला. मरायचा हट्ट काही सोडला नव्हता मेल्याने. पण तिने कात्री उचलली. लग्नाआधी ती लीड्सच्या शिवणकारखान्यात काजं करायची, हात अजून विसरला नव्हता.

सगळा सूट तिने टाका न् टाका उसवला. बाहेरून लोकर विटलेली, कोपरांना आणि बुडाला चकाकी आलेली. आतून मात्र कापड काल दुकानातून आणल्यासारखं गडद. म्हणून आतली बाजू बाहेर घ्यायची. शिवणींतला कचरा तिने ब्रशने काढला, ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली. पँटच्या नळ्या उघडून उलट्या धरल्या: घोट्याकडची अरुंद बाजू कमरेला, मांडीकडची रुंद बाजू खाली. बसून झिजलेला भाग वगळला. एक नळी पुढे, एक मागे, झाला गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट. सुटाच्या बिनबाह्यांच्या जाकिटातून कॉलरचं अस्तर निघालं. पायाशी दुमडलेल्या पट्ट्यांतून न विटलेलं कापड मिळालं, ते बाह्यांच्या झिजलेल्या कडांना.

कोटाचं तर काम सोपंच. ट्रामचा ब्रेक ओढून ओढून वॉल्टरचे खांदे दाराएवढे झालेले, आणि तेव्हा पोरींना हवेही तसेच होते: चौकोनी, सैनिकासारखे. आतला ताठ कॅनव्हास आणि गादी तिने तशीच ठेवली, खांदे जेमतेम आत घेतले, कमरेत टक्स घालून कोट आवळला. आणि गंमत अशी, की कापड उलटल्यावर डावीकडची काजं उजवीकडे आली, बायकांच्या कोटाला असतात तशी! एड्ना स्वतःवरच खूश झाली.

मर्टल अंगात घालून आरशासमोर उभी राहिली. "आई गं! कसला दिसतोय!" मग तिचा हात छातीवर गेला. "आई... हा खिसा?"

काजं उजवीकडे आली तसा वरचा खिसाही आलाच होता. छातीवरचा खिसा डावीकडे असतो हे जगाला ठाऊक. उजवीकडे असला की आंधळासुद्धा सांगेल, कोट उलटवलाय. आणि विहीणबाई, मिसेस ओल्ड्रॉइड, आंधळ्या मुळीच नव्हत्या. गल्लीत कुणाचा पडदा कशाचा केलाय ते त्या लांबून सांगायच्या.

एड्नाने रफू करून पाहिलं; चीर उठून दिसली. दुसरं कापड लावावं तर चिंधी उरली नव्हती. "एवढं करून हसं होणार पोरीचं," म्हणत ती चक्क रडायला लागली.

"खिसा राहू दे," वॉल्टर म्हणाला. "आपल्या लग्नात त्यात रुमाल होता, मर्टलच्या बारशात होता. ज्याला हसायचं त्याला हसू दे. रफू काढ."

तिने टाके काढले.

रेशमी मोजे बाजारात नव्हतेच, म्हणून शनिवारी मर्टलने पायांना ग्रेव्हीचा तपकिरी रंग फासला, मागे पेन्सिलीने मोज्यांची शिवण ओढली आणि खिशात पांढरी फुलं खोचली. वॉल्टर ट्रामच्या जुन्या गणवेशात, बटणं घासून. लग्न लागलं. क्लिफर्डची नजर बायकोवरून हटेना, त्याला खिसा कुठला दिसतोय!

विहीणबाईंना दिसला. साखर रेशनवर, म्हणून पुठ्ठ्याच्या सजवलेल्या केकखाली दडवलेला बारकासा खरा केक कापला जात असतानाच त्या मोठ्याने म्हणाल्या, "खिसा उजवीकडे? उलटवलेला दिसतोय."

सगळ्यांच्या माना कोटाकडे वळल्या. मर्टल कानापर्यंत लाल.

"उलटवलाय तर!" वॉल्टर छाती काढून म्हणाला. "माझा सूट आहे. मला पुरायला ठेवला होता."

"अगं बाई! मढ्याचा कपडा नवरीला?"

"मढं कुठंय? हा काय उभा आहे!" वॉल्टर गरजला. मग स्वतःच जरा थबकला, जणू कुणी नवीनच बातमी दिली. "आणि आता मरायची सोयही नाही राहिली. अंगावर घालायला काय आहे माझ्या? नव्या सुटाला कुपनं किती लागतात माहितेय?"

"मेल्यावर तुमचं कुपनपुस्तकही सरकार परत मागतं," विहीणबाई नकळत बोलून गेल्या.

"ऐकलंस एड्ना? म्हणजे जगूनच जमवायला हवीत!"

आधी क्लिफर्ड हसला, मग सगळेच. विहीणबाईंनाही हसू आवरेना. त्यांनी हळूच स्वतःच्या कोटाची बाही दुमडून एड्नाला आतली कड दाखवली. घोंगडीची होती, रंगवलेली.

"छान जमलीय हं," एड्ना म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

सोमवारी तिला जाग आली तेव्हा वॉल्टर शेजारी नव्हता. सवयीने तिने दाराकडे बघितलं आणि मग आठवलं, सूट तर आता मर्टलबरोबर गेला. खिळा रिकामाच असणार.

तो रिकामा नव्हता. त्यावर वॉल्टरचा बागेचा जुना डगला लटकत होता, वाफ्यावरून आत्ताच आलेला, ओला, आणि त्यातून चिखल तिने काल पुसलेल्या जमिनीवर टपटप गळत होता. खालून वॉल्टर ओरडत होता, "एड्ना! कांद्याची रोपं कुठे ठेवलीस गं?"

एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने चिखल तसाच राहू दिला.