सासूबाईंचा वेग

प्रकाशकाच्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना सासूबाईंनी सुनेला तिसऱ्यांदा वचन दिलं, की आज त्या तोंडाला कुलूप लावून बसतील. त्यांच्याच हाताखाली अनुवाद शिकलेली सून सोबत होती; दर सांगायचा तो तिने, मुदत सांगायची ती तिने. कारण सासूबाईंचा इतिहास सगळ्यांना ठाऊक होता. तीस वर्षं अनुवाद केले, भाषेवर हुकूमत अशी की भलेभले टरकून असत, पण समोरच्याने जरा "मावशी" म्हटलं की या विरघळल्या. आधीच कमी सांगितलेल्या दरातून आणखी कमी करायच्या, आणि घरी येऊन स्वतःवरच चरफडायच्या.

आजचं काम मात्र हातचं घालवून चालणार नव्हतं. खाणीत उभा जन्म काढलेल्या एका इंजिनियरचं हे आत्मचरित्र. त्याचं पहिलं छोटं पुस्तक सासूबाईंनीच अनुवादित केलं होतं, त्या पस्तिशीच्या असताना. तेव्हापासून त्या म्हणत आल्या होत्या, हा माणूस एक दिवस मोठं पुस्तक लिहील आणि ते मीच करीन. म्हाताऱ्याने लिहिलं एकदाचं, नव्वदीला टेकल्यावर. आता ते दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं असतं तर सासूबाईंनी जेवण सोडलं असतं, अतिशयोक्ती नाही.

प्रकाशक टेबलामागे, दोन्ही बाजूंना प्रुफांचे ढीग. त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनची ओळख.

"या मावशी, या वहिनी. चारशे पानांचं पुस्तक आहे. बोला, काय घ्याल?"

"पानांवर नाही सांगता येत," सून म्हणाली. "तुम्ही अक्षर बारीक केलं की पानं कमी होतात. फाइलमधले शब्द मोजले, मूळ भाषेतले. एक लाख वीस हजार. आमचा दर त्यावर."

सासूबाईंनी मान डोलावली. पोरगी बरोबर सुरुवात करत होती.

"पण सगळे शब्द सारखे नाहीत," सून पुढे म्हणाली. "पहिली पन्नास पानं बालपणाची आहेत, ती सरसर होतात. ती वाचून मुदत सांगितली असती तर तोंडावर पडलो असतो. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण शितं तीन ठिकाणची घ्यावी लागतात. मी पुस्तक मधूनमधून उघडून पाहिलं. सत्तर हजार शब्द साधं कथन आहे. पस्तीस हजार खाणीचं काम, यंत्रं, अपघातांच्या चौकशा. तिथे एकेक शब्द जाणकाराला विचारावा लागेल. उरलेले पंधरा हजार म्हणजे कामगारांची गाणी आणि त्यांच्या बायकांची पत्रं. दिवसभर बसलं तरी तिथे पान हलत नाही. म्हणून तीन प्रकार, तीन दर. साध्याला आमचा नेहमीचा, तांत्रिकला दीडपट, गाण्या-पत्रांना दुप्पट."

दुप्पट! सासूबाईंचा जीव खालीवर झाला. त्यांनी जन्मात कधी कोणाला दुप्पट सांगितलं नव्हतं. पण खरं होतं की! गाण्याच्या चार ओळींपायी त्यांनी आठ-आठ दिवस घालवले होते, आणि पैसे घेतले होते चार ओळींचे. ही अक्कल आपल्याला का सुचली नाही, असं वाटून त्यांना एकदम हसू आलं आणि ऊरही भरून आला.

"तपासणी वेगळी," सून म्हणाली. "मसुदा झाला की आधी आपलं आपण पुन्हा वाचायचं. मग दुसऱ्या माणसाने मुळाशी ओळ न् ओळ ताडून पाहायचं. त्याला महिना-दीड महिना. मग दुरुस्त्या. त्या तपासनिसाचा दरही यात धरलाय."

"एक एजन्सी निम्म्या दरात देतेय. चार महिन्यांत!" प्रकाशक म्हणाला.

"पी हळद नि हो गोरी!" सून म्हणाली. "चौघांना वाटून देणार असतील. मग पहिल्या भागातला इंजिनियर एक बोलेल आणि शेवटच्या भागातला भलताच."

प्रकाशक हसला. त्यालाही ते पटत होतं. "बरं, दराचं पाहू. मुदत किती?"

सुनेने सोबत आणलेलं दरपत्रक टेबलावर ठेवलं. "अकरा महिने."

प्रकाशकाचं हसू मावळलं. "वहिनी, अकरा नाही जमणार. मजकूर नऊ महिन्यांत हातात हवा, नाहीतर नव्वदीच्या समारंभाला पुस्तक छापून होणार नाही. म्हाताऱ्याला ते हातात घेऊन बघायचंय. त्यापुढचं कोणी सांगावं? अकराच असतील तर मला नाइलाजाने तिकडे जावं लागेल."

"पुस्तक अवघड आहे," सून एवढंच म्हणाली आणि टेबलाकडे पाहत राहिली.

सासूबाई मनात आकडे मांडू लागल्या. जुनी खोड. इतके हजार भागिले दिवसाचे इतके, अधिक वाचन, अधिक तपासणी. अकरा महिने काही केल्या येईनात. दिवसाला दोन हजार शब्द, हा त्यांचा वेग अख्ख्या धंद्यात मशहूर होता. निम्मा धरला तरी एवढे येत नव्हते. मग त्यांना गेला रविवार आठवला. सुनेने तीन ठिकाणची तीन पानं आणून दिली होती, "आई, जरा नमुना करून बघा ना." त्यांनी मजेत केली होती, मध्ये दोनदा डोळे मिटून पडल्या होत्या, आणि सून समोरच भाजी निवडत बसली होती. भाजी कसली निवडते, घड्याळ बघत होती ती! दोन हजार हा वेग चाळिशीतला होता. आता आठशे होत असतील, तेही चांगल्या दिवशी.

त्यांची कानशिलं तापली. राग आला, चांगलाच आला. आणि पाठोपाठ कळलं, की ही पोरगी समोरच्याला खरं कारण सांगत नाहीये. काम जातंय तर जाऊ दे, पण सासूचा वेग चारचौघांत काढायचा नाही, असं ठरवून बसलीय.

कुलूप तुटलं.

"तू केलंस तर किती?" त्यांनी विचारलं.

"आई, नको."

"अगं, किती?"

"साडेआठ महिने. तपासणी धरून."

"मग आधी का नाही सांगितलंत?" प्रकाशक ओरडलाच.

"कारण पुस्तक आईंचं आहे," सून म्हणाली.

सासूबाईंनी टेबलावरचं दरपत्रक पुढे ओढलं, पेन घेतलं, अनुवादकाच्या जागी असलेलं आपलं नाव खोडलं आणि तिथे सुनेचं लिहिलं. तपासनीस म्हणून कोणा प्राध्यापकांचं नाव होतं. ते खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. अक्षर ठसठशीत आलं.

प्रकाशकाने कागद पाहिला आणि डोळे बारीक केले. "मावशी, आता तपासणी घरातच झाली. मग तिचा दर काढून टाकू या?"

"घरातली म्हणून फुकट? अरे, सासूची तपासणी आहे ही! खरं तर हिलाच दुप्पट लावायला हवा!"

तो खो खो हसला आणि सही करायला वाकला. "दर मान्य, मुदत मान्य. पण मुखपृष्ठावर तुमचं नाव असतं तर पुस्तक आपोआप खपलं असतं, हे सांगून ठेवतो."

"माझंही नाव पहिल्या पुस्तकाच्या वेळी कोणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या वडिलांनी छापलं तेव्हा झालं."

खाली रस्त्यावर आल्यावर सुनेचा बांध फुटला. "आई, तीस वर्षं वाट पाहिलीत तुम्ही. मी काहीतरी मार्ग काढला असता. का दिलंत?"

"दिलं कुठे? ओळ न् ओळ माझ्यासमोरून जाणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि ऐक, दुप्पट म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं हे पुस्तक कोणाचं ते. आता रडू नकोस. आज संध्याकाळी पहिलं गाणं घेऊन बस. मला ते चांगलं झालेलं बघायचंय."